पावलांपासून पावतीपर्यंत : नव्या दुकानाच्या पहिल्या वर्षाच्या विक्रीचा अंदाज

१. प्रश्नाची मांडणी

नव्या दुकानात पैसे घालावेत की नाही हे ठरवण्यासाठी निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे एनपीव्ही, काढतात. ते गणित यांत्रिक असते. दरवर्षीची शिल्लक आणि वटावाचा दर दिला की संगणकावर उत्तर क्षणात मिळते. खरा निकाल मात्र त्याआधीच, विक्रीच्या रकान्यात लागलेला असतो. तिथे लिहिलेला पहिल्या वर्षाचा आकडा चुकला, तर पुढची सगळी काटेकोर आकडेमोड त्या चुकीवरच उभी राहते.

हा आकडा बहुधा तीन राशींच्या गुणाकारातून येतो : दुकानात किती लोक येतील, त्यांपैकी कितीजण काही विकत घेतील आणि घेणाऱ्याचे बिल सरासरी किती होईल. सूत्र सोपे आहे आणि ते बरोबरही आहे. चूक होते ती तिन्ही आकडे वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा केल्यामुळे. वर्दळ रविवारी मोजलेली असते, खरेदीचे प्रमाण ओळखीच्या दुकानदाराने सांगितलेले मंगळवारचे असते आणि सरासरी बिल दिवाळीतले असते. असे तीन आकडे गुणले की जे दुकान उभे राहते, ते कोणत्याही रस्त्यावर नसते. तिन्ही आकडे एकाच दाराचे, एकाच वेळेचे आणि एकाच मापाचे असावेत, हा या विवेचनाचा मुद्दा आहे.

उदाहरणासाठी कोल्हापूरचा महाद्वार रोड घेऊ. तिथे लहान मुलांच्या तयार कपड्यांचे सुमारे ४५० चौरस फुटांचे दुकान १ जून २०२६ रोजी उघडायचे आहे असे समजू. रस्ता खरा आहे. दुकान आणि त्याचे आकडे मात्र पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत.

२. मोजायचे कोणाला?

अंबाबाईच्या देवळाच्या महाद्वारासमोरचा हा रस्ता दिवसभर वाहता असतो. दाराशी उभे राहून येणारीजाणारी माणसे मोजली तर आकडा डोळे दिपवणारा येईल. पण या वर्दळीत दर्शनाला निघालेले भाविक आहेत, खरेदीला आलेले गावकरी आहेत, आणि नुसती वाट म्हणून रस्ता वापरणारेही आहेत. देवळाकडे जाणारा आणि देवळाकडून परतणारा भाविक एकच असतो, पण दोन्ही दिशा मोजल्या की तो दोनदा मोजला जातो. शिवाय जाताना त्याच्या हातात ओटीचे ताट असते आणि मन रांगेत असते. तो थांबला तर परतताना थांबेल. म्हणून अशा रस्त्यावर परतीच्या दिशेचीच मोजणी धरावी. नवरात्रात वर्दळ सर्वांत जास्त असते, पण रांगेत उभ्या असलेल्या माणसाला रांग सोडून फ्रॉक बघता येत नाही. तेव्हाच्या गर्दीवर साध्या दिवसाचे प्रमाण लावणे ही ठरलेली चूक आहे.

दुसरा प्रश्न मापाचा. लहान मुलांचे कपडे कोणी एकटे जाऊन क्वचितच घेते. आई, वडील, आजी आणि दोन मुले असे पाचजण आत येतात आणि बाहेर पडताना एकच बिल होते. पाच डोकी मोजली तर खरेदीचे प्रमाण वीस टक्के दिसेल, एक कुटुंब मोजले तर शंभर टक्के. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे आहेत. घोटाळा होतो तो वर्दळ डोक्यांत आणि प्रमाण कुटुंबांत घेतल्यावर. दारावर बसवलेले मोजणी-यंत्र तर आत जाणारा आणि बाहेर येणारा दोघांनाही टिपते, आणि चहावाला, माल उतरवणारा हमाल, पाणी प्यायला गेलेला नोकर यांनाही सोडत नाही. त्यामुळे या धंद्यासाठी माप म्हणून एकत्र खरेदीला निघालेला गट धरावा, आणि त्यातही बरोबर लहान मूल असलेला गट. मुलाला घरी ठेवून खरेदीला येणारे पालक यात सुटतात हे खरे. पण शेजारच्या दुकानाचे निरीक्षण करतानाही तोच नियम पाळला, तर दोन्ही बाजूंची तूट सारखीच राहते.

मोजणीची रीत साधी आहे. सकाळी ११ ते रात्री ९ या दहा तासांत दर तासाला १५ मिनिटे मोजायचे आणि चारने गुणायचे. दोन साधे वार, एक शनिवार आणि एक रविवार, आणि हेच दोन वेगळ्या आठवड्यांत. महिन्याचा पहिला आठवडा एकटाच घेऊ नये, कारण पगार नुकताच झालेला असतो. आपल्या उदाहरणात ही मोजणी मार्चमध्ये झाली आणि मूल बरोबर असलेले, परतीच्या दिशेचे गट साध्या वारी ७०० आणि शनिवार-रविवारी १,५०० निघाले असे धरू.

३. ओढ आणि खरेदीचे प्रमाण

रस्त्यावरून जाणारा गट आणि दुकानात शिरणारा गट यांच्यामध्ये एक पायरी आहे. शंभर गटांपैकी किती आत वळतात, या प्रमाणाला इथे ओढ म्हणू. नव्या दुकानाची ओढ आधी मोजता येत नाही, म्हणून त्याच रस्त्यावरचे, साधारण तेवढ्याच दर्शनी भागाचे आणि त्याच भावपट्टीतले दुकान निवडून तिथे दोनतीन दिवस पाहावे लागते. समोरून जाणारे गट, आत शिरणारे गट आणि पिशवी घेऊन बाहेर पडणारे गट अशा तीन रकान्यांत रेघा ओढत बसायचे.

समजा साध्या वारी ओढ ८ टक्के दिसली, म्हणजे ५६ गट आत आले आणि त्यांपैकी ४५ टक्क्यांनी खरेदी केली. शनिवार-रविवारी ओढ ७ टक्के, म्हणजे १०५ गट, पण खरेदीचे प्रमाण ३२ टक्क्यांवर आले. गर्दी वाढली की प्रमाण घसरते हे बहुतेक दुकानांत दिसते, आणि त्याची कारणे दोन. एक, सुट्टीच्या दिवशी नुसता फेरफटका मारणारे जास्त असतात. दुसरे कारण दुकानाच्या आत आहे. रविवारच्या १०५ पैकी निम्मे गट संध्याकाळी ६ ते ९ मध्ये आले तर तासाला सतराच्या आसपास होतात. एका गटाला माप काढून, चारपाच नग दाखवून मोकळे करायला पंधरा मिनिटे लागत असतील, तर तीन माणसे तासाला बारा गटच सांभाळू शकतात. उरलेले पाच गट कोणी विचारत नाही म्हणून बाहेर पडतात.

याचा अर्थ असा की खरेदीचे प्रमाण हा दुकानाचा कायमचा गुण नाही. ते वर्दळीबरोबर आणि काउंटरमागच्या हातांबरोबर बदलते. म्हणून वर्षाची एकूण वर्दळ गुणिले वर्षाचे एक प्रमाण असा हिशेब करू नये. आधी दिवसांचे प्रकार पाडावेत, प्रत्येक प्रकारात त्याच प्रकारचे तिन्ही आकडे गुणावेत आणि मग बेरीज करावी. इथे दोनच प्रकार धरले आहेत. देवीचे वार म्हणून मंगळवार आणि शुक्रवार वेगळे वागताना दिसले तर तिसरा प्रकार पाडावा, पण मोजणीत फरक दिसल्यावरच.

४. सरासरी बिल

बिलाच्या आकड्यात पहिला सापळा कराचा. गिऱ्हाईक देते त्या रकमेत जीएसटी असतो आणि तो दुकानाचा नसतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर हा कर ५ टक्के आहे, त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के. मुलांच्या कपड्यांत बहुतेक माल पहिल्या गटात बसतो. म्हणून ८४० रुपयांचे बिल म्हणजे ८०० रुपयांची विक्री, आणि ९४५ रुपयांचे बिल म्हणजे ९०० रुपयांची. अंदाजात नेहमी करवजा आकडा धरायचा, कारण पुढे खरेदीखर्चही करवजाच येणार असतो.

दुसरा सापळा म्हणजे दुकानदाराच्या तोंडचे बिल. ‘आमच्याकडे हजार-बाराशेच्या खाली कोणी जात नाही’ असे सांगणाऱ्याच्या मनात भरगच्च बिले राहिलेली असतात, मोज्यांच्या जोडीची आणि झबल्याची बिले नाहीत. त्यापेक्षा बिलाचे दोन भाग करणे बरे : एका बिलात सरासरी किती नग आणि एका नगाचा सरासरी भाव किती. नगांची संख्या पिशव्यांकडे पाहून अदमासाने काढता येते, भाव शेजारच्या दुकानातल्या लेबलांवरून आणि आपण भरणार असलेल्या मालावरून. साध्या वारी दोन नग, ४०० रुपये भाव, असे ८०० निघाले तर तो आकडा निदान तपासता तरी येतो.

आता आठवड्याचा हिशेब होतो. साध्या वारी ५६ गटांचे ४५ टक्के म्हणजे सुमारे २५ बिले, ८०० रुपयांप्रमाणे २०,१६० रुपये. शनिवार-रविवारी १०५ गटांचे ३२ टक्के म्हणजे ३३ ते ३४ बिले, ९०० रुपयांप्रमाणे ३०,२४० रुपये. पाच साधे दिवस आणि दोन सुट्टीचे मिळून आठवड्याची विक्री १,६१,२८० रुपये, दिवसाला सरासरी २३,०४० आणि तीस दिवसांच्या महिन्याला सुमारे ६.९१ लाख.

आता उसने आकडे घेतले तर काय होते ते पाहा. वर्दळ रविवारची, १०५ गट. प्रमाण मंगळवारचे, ४५ टक्के. बिल रविवारचे, ९०० रुपये. दिवसाची विक्री ४२,५२५ रुपये येते आणि ३६० दिवसांनी गुणली की वर्षाला १.५३ कोटी. तिन्ही आकडे कुणीतरी प्रत्यक्ष पाहिलेले आहेत, एकही खोटा नाही. गुणाकार मात्र खोटा आहे.

५. बिलाच्या क्रमांकाची साक्ष

बाहेर उभे राहून काढलेल्या आकड्याला दुसरा, स्वतंत्र पुरावा हवा. तो अनेकदा शेजाऱ्याच्या बिलावरच छापलेला असतो. जीएसटीच्या नियमांनुसार कर-बिलाला आर्थिक वर्षात न दुहेरी होणारा, ओळीने वाढत जाणारा क्रमांक द्यावा लागतो. ज्या दुकानाचे निरीक्षण केले तिथून एका सोमवारी रात्री रुमालांचा एक जोड घ्यावा आणि पुढच्या सोमवारी त्याच वेळी मोज्यांचा एक जोड घ्यावा. दोन क्रमांकांतला फरक म्हणजे त्या आठवड्यातली बिले. काही दुकाने दोन काउंटरना वेगळ्या मालिका ठेवतात, आणि २०० रुपयांखालच्या विक्रीचे दिवसअखेर एकच बिल करण्याची मुभाही काही अटींवर आहे. म्हणून हा पुरावा आंधळेपणाने घेऊ नये. पण एक काउंटर आणि संगणकीय बिल असेल तर तो बऱ्यापैकी भरवशाचा असतो.

आपल्या निरीक्षणाप्रमाणे आठवड्याला पाचदा २५.२ आणि दोनदा ३३.६, म्हणजे १९३ बिले व्हायला हवीत. समजा क्रमांक १६४ नेच पुढे सरकला. म्हणजे प्रत्यक्ष बिले अंदाजापेक्षा १५ टक्क्यांनी कमी आहेत, आपला अंदाज फुगलेला आहे. कुठे फुगला? वर्दळ आणि आत शिरणारे गट आपण डोळ्यांनी मोजले होते. खरेदी मात्र पिशवीवरून ओळखली होती. मुलांच्या कपड्यांत माप बसले नाही म्हणून बदलून घ्यायला येणारे पुष्कळ असतात. ते पिशवी घेऊन येतात आणि पिशवी घेऊनच जातात, आणि आपल्या रकान्यात त्यांची गणना गिऱ्हाईक म्हणून झाली. अशा वेळी पुन्हा एक दिवस उभे राहून पिशवीसह आत येणारे वेगळे मोजायचे. कारण पटले तर प्रमाण त्या हिशेबाने खाली आणायचे. पुढच्या सगळ्या आकड्यांना हा ०.८५ चा गुणक आपण शेवटी लावू.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात येते. ओढ आणि खरेदीचे प्रमाण अनेकदा उलट दिशांनी हलतात. बाहेर ‘५० टक्के सूट’ असा फलक लावला की आत येणारे वाढतात आणि त्यांतले घेणारे विरळ होतात. म्हणून वाटेवरच्या शंभर गटांमागे बिले किती, हा जोड-आकडा त्या दोघांपेक्षा स्थिर असतो. साध्या वारी तो आपल्याकडे ३.६ आहे, सुट्टीच्या दिवशी २.२४, आणि दुरुस्तीनंतर दोन्ही आणखी थोडे कमी.

६. मोसम आणि जम

आतापर्यंतचा आकडा मार्चचा आहे आणि तोही जम बसलेल्या शेजाऱ्याचा. त्याचे नव्या दुकानाच्या पहिल्या वर्षात रूपांतर करायला दोन वेगळे गुणक लागतात, आणि ते वेगळेच ठेवावे लागतात.

पहिला मोसमाचा. मार्चला १ धरले तर बाकीचे महिने किती पट? जूनमध्ये पालकांचा पैसा गणवेश, वह्या आणि रेनकोट यांच्याकडे जातो, म्हणून ०.८. जुलै ०.७. सप्टेंबरमध्ये गणपतीची खरेदी आणि महिनाअखेरचा पितृपक्ष एकमेकांना बरेचसे खाऊन टाकतात, म्हणून ०.९. दिवाळीचे दोन महिने मिळून ३.१, लग्नसराई आणि सुट्टीचे एप्रिल-मे मिळून २.५, अशा रीतीने बाराही महिन्यांचे गुणक मांडायचे. ते घाऊक व्यापाऱ्याच्या पाठवणीच्या वहीतून किंवा त्याच मालाच्या जुन्या दुकानाच्या विक्रीतून मिळतात. सगळ्यांची बेरीज १२.५ आली असे धरू.

इंग्रजी महिन्यांनी मोसम बांधताना पंचांग उघडून बसावे. २०२५ मध्ये लक्ष्मीपूजन ऑक्टोबरात होते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ते ८ नोव्हेंबरला गेले. २०२७ मध्ये ते २९ ऑक्टोबरला आहे. परिणामी १ नोव्हेंबर २०२५ ते ३१ ऑक्टोबर २०२६ या बारा महिन्यांत लक्ष्मीपूजन एकदाही येत नाही, आणि पुढच्या १ नोव्हेंबर ते ३१ ऑक्टोबर या वर्षात ते दोनदा येते. ज्याने २०२५ च्या ऑक्टोबरचा गुणक २०२६ च्या ऑक्टोबरला चिकटवला, त्याचा माल पंधरवडाभर आधी येऊन पडतो.

दुसरा गुणक जमाचा. नव्या दुकानाकडे पहिल्या आठवड्यात उत्सुकतेने लोक येतात, मग ओहोटी लागते, आणि पुढे ओळखीची गिऱ्हाइके वाढत जातात. जूनमध्ये शेजाऱ्याच्या ६० टक्के, जुलैत ५५, मग हळूहळू चढत मेअखेर ९० टक्के असा क्रम इथे धरला आहे. हा क्रम ठरवायला सर्वांत चांगला आधार म्हणजे त्याच रस्त्यावर वर्ष-दोन वर्षांपूर्वी उघडलेले दुकान. त्याच्या पहिल्या महिन्यांची हकिगत मालकाकडून, नाहीतर त्याला माल देणाऱ्याकडून कळते. प्रत्येक महिन्याचा मोसम-गुणक आणि जम-गुणक गुणून, ६.९१ लाखांनी गुणले की तिमाहीवार चित्र असे दिसते :

| तिमाही | जम बसलेले दुकान (लाख रु.) | नवे दुकान (लाख रु.) |
|---|---|---|
| जून–ऑगस्ट | १५.९ | ९.३ |
| सप्टेंबर–नोव्हेंबर | २७.६ | १९.६ |
| डिसेंबर–फेब्रुवारी | १८.७ | १५.२ |
| मार्च–मे | २४.२ | २१.४ |
| एकूण | ८६.४ | ६५.५ |

बिलक्रमांकाची ०.८५ ची दुरुस्ती लावली की नव्या दुकानाची पहिल्या वर्षाची विक्री ५५.७ लाख ठरते. उसन्या आकड्यांचा अंदाज १.५३ कोटींचा होता हे आठवावे.

मोसम आणि जम वेगळे ठेवण्याचे फळ दुसऱ्या वर्षी मिळते. दुसऱ्या वर्षाची विक्री काढताना पहिल्या वर्षाच्या बेरजेवर दहा टक्के चढवण्याची सवय असते. तसे केले तर ६१.३ लाख येतात. पण जम मेमध्येच ९० टक्क्यांवर पोचलेला आहे. दुसऱ्या वर्षी तो सरासरी ९५ टक्के राहील असे धरले, तर पूर्ण मोसमाला तो लावून ६९.८ लाख येतात. उलट, मेची विक्री बाराने गुणणारा ८२.५ लाखांवर जातो, कारण त्याने लग्नसराईलाच वर्ष समजले. तिन्ही आकडे एकाच दुकानाचे आहेत. मधला आकडाच टिकाऊ आहे, कारण त्यात मोसम एकदा आणि जम एकदाच मोजला आहे.

७. चुकीचा गुणाकार

तीन राशी गुणल्या की त्यांच्या चुकाही गुणल्या जातात. तिन्हींत दहा-दहा टक्के उत्साह भरला तर उत्तर तीस नव्हे, तेहतीस टक्क्यांनी फुगते. तिन्ही दहा टक्क्यांनी कमी पडल्या तर सत्तावीस टक्क्यांनी आटते. चुका एकमेकींशी संबंध नसलेल्या असतील तर काही अंशी कटतात आणि एकूण फरक साधारण सतरा टक्क्यांवर राहतो. पण त्या खरोखर स्वतंत्र आहेत का? ओढ आणि प्रमाण उलट हलतात तेव्हा चुका कटतात. रस्ता वर्षभर खोदला गेला, तर वर्दळ, ओढ आणि बिल तिन्ही एकाच वेळी खाली येतात, आणि तिथे कटाकटी होत नाही. म्हणून अंदाज एका आकड्यात न देता तीन चित्रांत द्यावा, आणि वाईट चित्र प्रत्येक आकड्यातून थोडेथोडे छाटून बनवू नये. एखादी घडू शकणारी गोष्ट घेऊन तिचा तिन्ही आकड्यांवर होणारा परिणाम लिहावा.

विक्रीतल्या फरकापेक्षा शिलकीतला फरक मोठा असतो हेही इथेच पाहून घ्यावे. ढोबळ नफा विक्रीच्या ४० टक्के धरू. भाडे ६ लाख, दोन नोकर ३.६ लाख, मालकाच्या स्वतःच्या श्रमाचा पगार ३ लाख आणि वीज वगैरे १.४ लाख, असा वर्षाचा ठरलेला खर्च १४ लाख. विक्री ६५.५ लाख असती तर शिल्लक १२.२ लाख होती. ५५.७ लाखांवर ती ८.३ लाख उरते. विक्री १५ टक्के घटली, शिल्लक ३२ टक्के घटली, कारण भाडे आणि पगार विक्रीबरोबर कमी होत नाहीत. पिशवीवरून गिऱ्हाईक ओळखण्याची एक छोटी चूक शिलकीत दुपटीने उमटते ती अशी.

८. एनपीव्हीच्या उंबऱ्यावर

विक्रीचा अंदाज एनपीव्हीला सोपवताना दोन पथ्ये पाळावीत. जोखीम एकाच जागी मोजावी. विक्री मुद्दाम कमी धरली आणि वर वटावाचा दरही वाढवला, तर एकाच भीतीची किंमत दोनदा वसूल होते. आणि कर्जाचे व्याज खर्चात टाकू नये, कारण ते वटावाच्या दरात आधीच आलेले असते. मालकाचा पगार मात्र टाकावाच. तो न टाकल्यामुळे कितीतरी दुकाने कागदावर नफ्यात दिसतात.

त्यानंतर गणित उलटे फिरवावे. समजा अनामत ६ लाख, सजावट १० लाख आणि पहिला माल १८ लाख, असे ३४ लाख गुंतवायचे आहेत. पाच वर्षांनी अनामत पूर्ण आणि माल ६० टक्के किमतीला सुटेल. वटावाचा दर १४ टक्के. परत मिळणाऱ्या १६.८ लाखांचे आजचे मोल सुमारे ८.७ लाख होते. उरलेले २५.३ लाख पाच वर्षांत भरून निघायला, प्राप्तिकराआधी, दरवर्षी सुमारे ७.४ लाखांची शिल्लक लागते. त्यात १४ लाखांचा ठरलेला खर्च मिळवून ४० टक्क्यांनी भागले की वर्षाची विक्री ५३.४ लाख येते. एनपीव्ही शून्य होण्याची ही रेघ आहे. सरासरी बिल ८३५ रुपये धरले तर ती वर्षाला सुमारे ६,४०० बिले, म्हणजे सणवार आणि सुने दिवस सगळे धरून दिवसाला १७ ते १८ बिले होतात.

आपला पहिल्या वर्षाचा ५५.७ लाखांचा अंदाज या रेघेच्या जेमतेम वर आहे, दुसऱ्या वर्षाचा बराच वर. म्हणजे या दुकानाचे भवितव्य पहिल्या वर्षाच्या नफ्यापेक्षा जम ९० टक्क्यांपर्यंत पोचतो की नाही यावर आहे. वाटाघाटीत काय मागावे हेही यातून कळते : पहिल्या सहा महिन्यांच्या भाड्यात सवलत मिळाली तर तिचा उपयोग नेमका अडचणीच्या काळात होतो.

दुकान उघडल्यावर हेच कोष्टक तपासणीचे साधन बनते. जून ते ऑगस्टची विक्री, दुरुस्तीसह, ७.९ लाखांच्या आसपास यायला हवी. ती ६ लाखच आली तर ‘धंदा मंदा आहे’ म्हणून थांबू नये. एक आठवडा पुन्हा दाराशी तीन रकाने मांडून बसावे. वाटेवरचे गट कमी दिसले तर मार्चच्या मोजणीवर किंवा पावसाळ्याच्या गुणकावर शंका घ्यावी. गट तेवढेच पण आत येणारे कमी, तर दोष पाटी, उजेड आणि दर्शनी मांडणीत शोधावा. आत येणारे तेवढेच पण बिले कमी, तर कोणते माप संपले आहे आणि संध्याकाळी काउंटरमागे किती हात आहेत ते पाहावे. बिले तेवढीच पण रक्कम कमी, तर नगांची संख्या घटली की भाव, हे दिवसाच्या बिलांवरूनच दिसते. उत्तर कोणतेही आले तरी दुसऱ्या वर्षाचा तोच एक गुणक बदलायचा आणि एनपीव्ही पुन्हा काढायची. पाच वर्षांच्या भाडेकरारात मुदतीआधी जागा सोडण्याचे कलम असेल, तर ते वापरायचे की नाही याचा निर्णयही तेव्हा याच रकान्यांवरून घेता येतो.